आधी छाती धडधडते की आधी भीती वाटते?

२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमधील अमुदान केमिकल्स या कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली, आसपासच्या घरांच्या आणि दुकानांच्या काचा फुटल्या. आठच वर्षांपूर्वी, २६ मे २०१६ रोजी, याच एमआयडीसीत प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये असाच मोठा स्फोट झाला होता. कारखान्यांची तपासणी, त्यांचे स्थलांतर, नुकसानभरपाई यांवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि अजून लिहावे लागेल. आजचा विषय जरा वेगळा आहे. त्या दुपारी एका आवाजाने अनेक माणसे एकाच क्षणी घाबरली. ती घाबरली म्हणजे नेमके काय झाले, आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न पंडिती वाटेल. पण त्या भागात आजही फटाका वाजला की ज्याला दरदरून घाम फुटतो, त्याला आपण काय सांगतो हे या उत्तरावर ठरते. ‘डोक्यातून काढून टाक’ म्हणतो, ‘पाणी पी, शांत बस’ म्हणतो, की ‘ईसीजी काढून घे’ म्हणतो? या तिन्ही सल्ल्यांच्या मागे भीतीविषयीचे तीन वेगवेगळे सिद्धान्त उभे आहेत. सल्ला देणाऱ्याला त्यांची नावे ठाऊक नसतात, इतकेच.

स्फोटापासून किलोमीटरभर अंतरावर राहणारी, जेवणे उरकून ओटा पुसणारी एक बाई डोळ्यांसमोर आणू. बाई कल्पनेतली आहे, पण तिच्या शरीरात जे घडते ते प्रयोगशाळांत मोजलेले आहे. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे कारखान्यात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते आणि ही अजून ओटाच पुसत असते. मग आवाज कानावर आदळतो. तिथून सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, म्हणजे सुमारे ४० मिलिसेकंदांत, पापण्या मिटतात. पाठोपाठ मान आत जाते, खांदे वर येतात, कोपर दुमडतात, गुडघे किंचित वाकतात. हातातले फडके पडते. हा सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो.

कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांच्या मागे पिस्तुलाचा बार काढून हेच वेगवान कॅमेऱ्याने टिपले आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. रोज पिस्तूल चालवणाऱ्या पोलिसांवरही त्यांनी हा प्रयोग केला. सरावाने खांद्यांची, हातांची हालचाल कमी झालेली दिसली, पण पापणी मिटायचीच. या हालचालीचा हुकूम मेंदूच्या खालच्या, मणक्याकडे उतरणाऱ्या देठासारख्या भागातून सुटतो. विचार करणारा वरचा मेंदू त्यात पडत नाही, पडायला वेळच नसतो.

ही भीती म्हणायची का? मराठीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. आपण याला ‘दचकणे’ म्हणतो, ‘घाबरणे’ म्हणत नाही. मागून कोणी ‘भॉक’ केले तर माणूस दचकतो आणि पुढच्या क्षणी हसतो. नाट्यशास्त्रातही ‘भय’ हा स्थायी भाव आहे आणि वीज, उल्का, मेघगर्जना यांनी उडणारा ‘त्रास’ हा वेगळा, येऊन जाणारा भाव मानला आहे. इंग्रजीतल्या लोकप्रिय मानसशास्त्राने दचकणे आणि घाबरणे एकत्र कालवले आणि तिथपासून बराच गोंधळ सुरू झाला, असे माझे मत आहे. आपली ओटा पुसणारी बाई अर्ध्या सेकंदापर्यंत फक्त दचकलेली आहे. वाद आहे तो यापुढच्या काही सेकंदांचा.

शरीर आधी, असे म्हणणारा पहिला मोठा माणूस म्हणजे विल्यम जेम्स. १८८४ मध्ये त्याने लिहिले की आपण अस्वल पाहून घाबरतो आणि मग पळतो, ही समजूत उलटी आहे. आपण पळतो, थरथरतो, आणि शरीरातल्या या उलथापालथीची जी जाणीव होते तिलाच भीती म्हणतात. डेन्मार्कच्या कार्ल लांगे या डॉक्टरने पुढच्याच वर्षी जवळपास हेच मांडले. ठाणेकरांनी अस्वलाच्या जागी बिबट्या घ्यावा. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत तो पहाटे फिरताना दिसलाच होता. जेम्सचा युक्तिवाद असा होता की भीतीतून धडधडणारी छाती, कोरडे तोंड, लटपटणारे पाय एकेक करून वजा करत जा आणि शेवटी काय उरते ते पाहा. ‘इथे धोका आहे’ एवढे एक कोरडे विधान उरेल, भीती उरणार नाही.

मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो, पायांखालची जमीन सरकते. आपली भाषा भीतीचे वर्णन जवळजवळ पूर्णपणे शरीरावरूनच करते. नुसते ‘मी घाबरलो’ म्हटले तर ऐकणाऱ्याला काही कळल्यासारखे वाटत नाही; ‘हातपाय गार पडले’ म्हटले की कळते.

जेम्सवर सर्वांत जड हल्ला केला तो हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने, १९२७ मध्ये. ‘लढा किंवा पळा’ हा शरीराचा पवित्रा जगाला समजावून सांगितला तो त्यानेच, त्यामुळे शरीर त्याला चांगलेच ठाऊक होते. त्याचे दोन आक्षेप आजही उभे आहेत. पहिला वेगाचा. हृदय पुढच्या एकदोन ठोक्यांत वेग घेऊ लागते हे खरे, पण आतडी, घाम, रक्तवाहिन्या सावकाश हलतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी सोडलेले अ‍ॅड्रिनलिन रक्तातून सगळीकडे पोहोचून काम करू लागायला आणखी काही सेकंद जातात. मग ‘काहीतरी भयंकर झाले’ हे आपल्याला त्याआधी कसे कळते? दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. छाती भीतीने धडधडते तशी रागाने, आनंदाने आणि कल्याण स्टेशनचा जिना पळत चढल्यानेही धडधडते. शरीराच्या हालचालीच भावना असतील, तर वेगवेगळ्या भावना ओळखायच्या कशा? स्पेनचे डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन यांनी १९२४ मध्ये अ‍ॅड्रिनलिनची इंजेक्शने देऊन पाहिले होते. छाती धडधडली, हात कापले, पण खरी भीती बहुतेकांना वाटली नाही. काही जण म्हणाले की घाबरल्या‘सारखे’ वाटते आहे.

म्हणून कॅनन आणि त्याचा विद्यार्थी फिलिप बार्ड यांनी मेंदू आधी असे म्हटले. मेंदूच्या खोल भागातून एकाच वेळी दोन फर्माने सुटतात, एक शरीराला आणि एक वरच्या मेंदूला. धडधड आणि भीती या जुळ्या बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हेत. पुढे जोसेफ लडू यांनी उंदरांवर काम करून दाखवले की आवाज कानातून मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डाला या भागापर्यंत एका आडवाटेने, वरच्या मेंदूला न विचारता, काही मिलिसेकंदांत पोहोचू शकतो. ही कल्पना लोकांना इतकी आवडली की अमिग्डालाला ‘भीतीचे केंद्र’ हे नाव कायमचे चिकटले. आज प्रत्येक तिसऱ्या प्रेरणादायी व्याख्यानात ते ऐकू येते. लडू स्वतः मात्र गेली काही वर्षे सांगत आहेत की अमिग्डाला धोक्याला प्रतिसाद देतो, जाणवणारी भीती तो एकटा तयार करत नाही.

याचा उत्तम पुरावा एका अमेरिकी स्त्रीने दिला, जिला शास्त्रीय लेखनात ‘एस. एम.’ एवढ्याच नावाने ओळखतात. दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले आहेत. संशोधकांनी तिला साप दाखवले, भुताटकीच्या घरात नेले. ती घाबरली नाही. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला दिला, आणि ती मदतीसाठी ओरडत तोंडावरचा मुखवटा काढू लागली. ज्याला भीतीचे केंद्र म्हणतात ते नसताना तिला सणकून भीती वाटली. बाहेरचा धोका तिला घाबरवू शकत नव्हता. शरीराच्या आतून आलेल्या गुदमरण्याच्या संदेशाने ते काम केले. जेम्सला हे ऐकून बरे वाटले असते.

आता तिसरा पक्ष. आपली बाई दचकून भानावर आली आहे. एक सेकंद उलटला. ती काय समजते? सिलिंडर फुटला? भूकंप? कुठे वरात आहे? हे ठरेपर्यंत तिची भीती अधांतरी आहे. खिडकीची काच फुटलेली दिसते, शेजारच्या काकू ‘एमआयडीसीकडे धूर दिसतोय’ म्हणून ओरडतात, २०१६ आठवते, आणि मुलगा त्याच रस्त्याला क्लासला गेला आहे हे आठवते. आता ती घाबरते. गंमत अशी की एव्हाना वीसएक सेकंद गेलेले असतात आणि आवाज कधीच विरलेला असतो. त्याच मजल्यावरचे आजोबा, ज्यांना कमी ऐकू येते आणि ज्यांचे सगळे घरात सुखरूप आहेत, ते फक्त कुतूहलाने गॅलरीत येतात.

मॅग्डा अर्नोल्ड यांनी १९६० मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड लॅझरस यांनी हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. भावना घटनेने होत नाही, घटनेच्या मूल्यमापनाने होते. लॅझरस यांच्या मते आपण दोन प्रश्न विचारतो: यात माझे काही पणाला लागले आहे का, आणि मला यावर काही करता येईल का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले की भीती. हे प्रश्न शांत बसून विचारायचे नसतात, बहुतेक वेळा ते नकळत आणि झपाट्याने सुटतात. म्हणूनच बाईला मुलाचा फोन लागताच तिची भीती ओसरू लागते. स्फोट तोच, धूर तोच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले.

महाराष्ट्रात हा पक्ष घरोघरी पोहोचला तो अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातून. कि. मो. फडके यांनी तो मराठीत रुजवला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेमुळे इथल्या वाचकांना ‘घटना नव्हे, घटनेविषयीचा विचार’ हे सूत्र तोंडपाठ आहे. हे या शहराचे भाग्यच. पण सूत्र तोंडपाठ झाले की त्याचा गैरवापरही सुरू होतो. फटाक्याने दचकणाऱ्या मुलाला ‘विचार बदल, भीती जाईल’ असे सांगणारे काका या सूत्राचा आधार घेतात, आणि इथे ते साफ चुकतात. पापणी मिटण्याआधी विचार बदलता येत नाही. ४० मिलिसेकंदांत विवेक पोहोचत नाही. एलिस यांचाही पोहोचला नसता.

मग मूल्यमापनवाले हरले का? नाही, आणि या वादातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. १९५१ पासूनचे प्रयोग सांगतात की आधीच भीतीच्या छायेत असलेला प्राणी त्याच आवाजाला जास्त जोराने दचकतो. माणसांचेही तसेच आहे. विजेचा सौम्य झटका बसेल असे सांगून ठेवले की तोच आवाज पापणीचे स्नायू अधिक जोराने आकसवतो. म्हणजे दचकण्याच्या क्षणी मूल्यमापनाला वेळ नसतो, पण त्याआधीच त्याने आवाजाचे बटण वर फिरवून ठेवलेले असते. २०१६ चा स्फोट ऐकलेल्या घराने २०२४ चा स्फोट ऐकला तेव्हा बटण आधीच फिरलेले असण्याची शक्यता मोठी आहे. याला आपल्याकडे फार अचूक शब्द आहे: धसका. दचकणे क्षणाचे असते, भीती मिनिटांची, धसका मात्र घेतला की राहतो.

तर आधी काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की क्रम घड्याळावर कुठे बोट ठेवता त्यावर अवलंबून आहे. पहिला अर्धा सेकंद शरीराचा आणि मेंदूच्या तळाचा. पुढचे काही सेकंद कॅननच्या बाजूचे, फर्माने सुटलेली असतात पण कशाबद्दल ते ठरलेले नसते. त्यानंतरची सगळी भीती अर्थ लावण्यावर जगते. हे शेवटचे विधान मी जरा हट्टाने करतो आहे, त्याचे कारण रसायनाचे आहे. रक्तात आलेले अ‍ॅड्रिनलिन साधारण दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. एका धक्क्याची शिदोरी थोड्या वेळात संपते. तासाभराने अजून हात कापत असतील तर कोणीतरी घंटा पुन्हा पुन्हा वाजवत असणार, आणि तो ‘कोणीतरी’ म्हणजे आपण लावत असलेला अर्थ.

पण तो अर्थ फक्त बाहेरच्या जगाचा नसतो, आणि बहुतेक गडबड इथेच होते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांचे हृदय प्रकाशाच्या साहाय्याने बाहेरून वेगाने धडधडवले. सुरक्षित जागी उंदरांना फारसा फरक पडला नाही. जिथे उघड्यावर येण्याचा धोका होता तिथे मात्र ते जास्त बिचकू लागले. धडधड एकटी भीती निर्माण करत नाही, पण शंकेच्या जागी ती साक्षीदार म्हणून उभी राहते आणि साक्ष मानली जाते.

स्फोटानंतर महिन्याभराने आपली बाई दुपारी गच्चीवर पापड वाळत घालून जिने उतरते. ऊन आहे, छाती धडधडते. कुठेतरी ट्रकचे टायर फुटते, ती दचकते. आता धडधडीकडे तिचे लक्ष जाते आणि अर्थ लागतो: ‘मला काहीतरी होतेय.’ या अर्थाने अ‍ॅड्रिनलिन सुटते, धडधड वाढते, वाढलेली धडधड अर्थाला पुरावा देते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचे हेच चक्र मांडले. साधारण दहा मिनिटांत लाट शिगेला जाते. घरचे रिक्षाने दवाखान्यात नेतात, ईसीजी चांगला येतो आणि ‘काही नाही, टेन्शन आहे’ असे सांगून परत पाठवतात.

ईसीजी काढला हे योग्यच. छातीत दुखणे, धाप, घाम हे पहिल्यांदा होत असेल तर भीती समजून घरी बसू नये. चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच. लक्षणांवरून दोन्हींतला फरक घरी बसून खात्रीने करता येत नाही. चूक होते ती ‘काही नाही’ म्हणण्यात. धडधड खरी होती, मोजता येईल अशी होती. तिला लावलेला अर्थ चुकला होता, आणि तो अर्थ कसा लागला हे कोणी सांगितले नाही, म्हणून ती पुन्हा येते.

या चक्रावरचा जो उपचार चांगला सिद्ध झाला आहे तो तिन्ही पक्षांना कामाला लावतो, याची मला मौज वाटते. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला मुद्दाम जिना चढायला लावतात, फिरत्या खुर्चीत गोल फिरवतात, काही सेकंद जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. छाती धडधडू द्यायची, डोके गरगरू द्यायचे आणि मग पाहायचे की आता आपल्याला वाटते ते होते का. हे तोंडी समजावून होत नाही, शरीराला घडवून दाखवावे लागते. आवाजाचा धसका असेल तर ध्वनिमुद्रित आवाज आधी हळू, मग मोठ्याने, पुन्हा पुन्हा ऐकवतात. दचकणे पूर्ण जात नाही, पोलिसांचेही गेले नव्हते. पण बटण खाली येते. स्फोटासारख्या घटनेला महिना उलटूनही जरा आवाज झाला की दचकायला होत असेल, प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, त्या रस्त्याने जाणे टाळले जात असेल आणि झोप उडाली असेल, तर तो आघातानंतरचा आजार असू शकतो. त्याला ‘मन घट्ट कर’ हे औषध नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येते. फोनवर पहिले वाक्य काय बोलावे हे सुचले नाही, तर ‘आवाज झाला की मला असे असे होते’ आणि शरीरात काय होते ते क्रमाने सांगावे. ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून पुढचे प्रश्न विचारता येतात.